मुलीचा दिवस कागदावर मांडताना : ताबा आणि पोटगीच्या सतरा महिन्यांचा अनुभव

पुण्यातल्या कौटुंबिक न्यायालयात १० सप्टेंबर २०२४ रोजी आमचा अर्ज दाखल झाला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये अंतिम आदेश हातात आला. अर्ज केला तेव्हा लेक सहा वर्षांची होती. त्या दिवसांत मी जे शोधत होते ते एका जागी कुठेच मिळत नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. आमच्या संसारात काय झालं हे यात नाही. कोर्टालाही त्यातला फारच थोडा भाग लागला.

आम्ही दोघं हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेले, त्यामुळे खालचा सगळा हिशेब त्या कायद्याचा आहे. घटस्फोटाची याचिका पत्नी स्वतः राहते तिथल्या न्यायालयात दाखल करू शकते. मी मुलीला घेऊन माहेरच्या जवळ भाड्याच्या घरात राहत होते, तिचे बाबा शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्या याचिकेतच दोन अर्ज जोडले. कलम २४ खाली खटला चालेपर्यंतची माझी पोटगी आणि खर्च, आणि कलम २६ खाली मुलीचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण. घटस्फोटाचा दावाच नसेल, नुसता ताबा हवा असेल, तर १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज होतो. तो मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या न्यायालयात करावा लागतो. नुसती पोटगी हवी असेल तर पूर्वी दंड प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. आमच्या वकील मॅडमनी सगळं एकाच न्यायालयात ठेवलं, म्हणजे तारखा दोन ठिकाणी विभागल्या जाणार नाहीत. दोन ठिकाणी अर्ज करता येतात, पण पहिल्या अर्जाची माहिती दुसऱ्यात द्यावीच लागते आणि एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे वळती होते.

खर्चाचं आधी सांगते. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वकिलांची फी ४५,००० ठरली, तीन टप्प्यांत. टायपिंग, नोटरी, झेरॉक्स आणि नकला मिळून सतरा महिन्यांत साधारण ७,००० गेले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हे मला फी ठरवून झाल्यावर कळलं. अर्ज करण्याआधी तिथे एकदा जाऊन यावं असं मी प्रत्येकीला सांगते.

मी लिहून नेलेला मजकूर बावीस पानांचा होता. वकील मॅडमनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘मुलगी सकाळी उठते तिथपासून रात्री झोपते तिथपर्यंत सांगा. कोण उठवतं, डबा कोण करतं, व्हॅनपर्यंत कोण सोडतं, दुपारी अडीचला घरी आली की दार कोण उघडतं?’ त्या उत्तरांतून ताब्याचा अर्ज तयार झाला. तो नऊ पानांचा होता. बावीस पानांतले आरोप घटस्फोटाच्या याचिकेत गेले, तेही कापून. ताब्याच्या अर्जात नवऱ्याबद्दल तीनच परिच्छेद राहिले आणि तिन्ही मुलीशी थेट संबंध असलेल्या गोष्टींचे.

यामागचं कारण कायद्यातच आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६, याचं कलम १३ सांगतं की अज्ञान मुलाचं हित हाच सर्वोच्च विचार. कलम ६ मध्ये वडील नैसर्गिक पालक आणि त्यांच्यानंतर आई असं म्हटलं आहे, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असंही. ही दोन वाक्यं ऐकून लोक आपापल्या सोयीचे निष्कर्ष काढतात. सासरचे म्हणत होते, बापच पालक. माहेरचे म्हणत होते, मूल आईचंच. दोघांचंही अपुरं होतं. पालक असणं आणि मूल रोज जवळ असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाच वर्षांचा नियमसुद्धा ‘सामान्यतः’ या शब्दावर उभा आहे. आमची लेक सहाची, म्हणजे तोही आधार नव्हता. उरलं ते फक्त कलम १३.

‘हित’ म्हणजे काय याची यादी १८९० च्या कायद्याच्या कलम १७ मध्ये थोडीफार सापडते. मुलाचं वय आणि लिंग, धर्म, ताबा मागणाऱ्याची वर्तणूक आणि कुवत, नात्याची जवळीक, आजवरचे संबंध, आणि मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छा. पण प्रत्यक्षात न्यायालय ही यादी घेऊन गुण देत बसत नाही. प्रश्न पुढचा असतो. आजची घडी मोडली तर या मुलाचं काय होईल, आणि आहे तशी ठेवली तर काय कमी पडेल? त्यामुळे ‘मी चांगली आई आहे’ या वाक्याला कागदावर किंमत नाही. ‘लसीकरणाच्या कार्डावरच्या सगळ्या तारखांना मी घेऊन गेले, शाळेच्या पालकसभेच्या वहीत गेल्या दोन वर्षांत नऊपैकी आठ सह्या माझ्या आहेत, दम्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या या, आणि ती दुपारी माझी आई असलेल्या घरी येते’ याला आहे. शाळेकडून हजेरी आणि पालकसभेचा दाखला मागायला साधा लेखी अर्ज पुरला. तो मिळायला अकरा दिवस लागले, म्हणून हे काम अर्ज दाखल करण्याआधी करावं.

पहिली तारीख २२ ऑक्टोबरची मिळाली. अर्ज दाखल झाल्यावर सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो टाकला की ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पुढची तारीख आणि रोजनामा, म्हणजे त्या-त्या तारखेला काय झालं याची नोंद, दिसते. त्या दिवशी काहीच झालं नाही, कारण नोटीस ‘राहत नाही’ असा शेरा मारून परत आली होती. मुलीचे बाबा मधल्या काळात भावाकडे राहायला गेले होते. इथे आमचे सहा आठवडे गेले. अर्जात घराबरोबर ऑफिसचा पत्ताही पहिल्यापासून दिला असता तर बेलिफ तिथे गेला असता. दुसऱ्यांदा ऑफिसच्या पत्त्यावर बजावणी झाली आणि ३ डिसेंबरला ते वकिलांसह हजर झाले. (कौटुंबिक न्यायालयात वकील हा हक्क नाही. न्यायालयाची परवानगी लागते. ती बहुधा मिळते, पण तेवढ्यासाठी एक अर्ज द्यावा लागतो.)

कायदा म्हणतो की अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली निघावा. मुलांच्या पोटगी-शिक्षणाच्या अर्जालाही तीच मुदत आहे. आमचे बजावणीपासून चार महिने गेले. उशीर झाला तो प्रकटन शपथपत्रामुळे.

हे शपथपत्र म्हणजे या सगळ्या प्रक्रियेचा कणा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या प्रकरणात ठरवून दिलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्ज आणि खर्च ठरावीक नमुन्यात शपथेवर सांगायचा. ते प्रकरण मूळचं नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं होतं. २०१३ च्या अर्जावर तिथे २०१५ मध्ये अंतरिम पोटगी मंजूर झाली आणि तो वाद दिल्लीपर्यंत गेला. त्या निकालाने शेतीवर अवलंबून नसणाऱ्यांसाठी एक आणि शेतीवर अवलंबून असणाऱ्यांसाठी दुसरा असा नमुना दिला, उत्तरासाठी जास्तीत जास्त चार आठवडे दिले, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची हेही नक्की केलं. समोरचा माणूस मुद्दाम तारखा घेत राहिला तर न्यायालय त्याचा बचाव रद्द करू शकतं.

आमचं शपथपत्र अर्जासोबतच दिलं होतं. त्यांचं २१ जानेवारी २०२५ ला आलं, तेही पगारपत्रकांशिवाय. आमच्या वकील मॅडमनी त्याच दिवशी अर्ज दिला की शेवटच्या सहा महिन्यांची पगारपत्रकं, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे हजर करावेत. शपथपत्र आलं म्हणून समाधान मानू नये. त्यातला प्रत्येक आकडा कुठल्या कागदावरून आला हे पाहावं, आणि ज्याला कागद नाही त्यावर बोट ठेवावं. पगारपत्रकांवरून दिसलं की कर, भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसाय कर वजा जाता त्यांच्या हातात ८०,००० येतात. शपथपत्रात त्यांनी ५४,००० लिहिले होते, कारण २६,००० चा घराचा हप्ता आधीच वजा केला होता. न्यायालयाने तो हप्ता संपूर्ण वजा मानला नाही. सक्तीने कापली जाणारी रक्कम वेगळी आणि स्वतःच्या नावावरच्या फ्लॅटसाठी भरला जाणारा हप्ता वेगळा. त्यातून मालमत्ता त्यांचीच वाढते, आणि राहतातही तेच तिथे.

माझी मिळकत अर्धवेळ हिशेबनीसाच्या कामातून २०,००० होती आणि ती मी तशीच लिहिली. काही मैत्रिणींनी ती न लिहिण्याचा सल्ला दिला होता. बँकेच्या उताऱ्यात ती दिसणारच होती. शपथेवरचा एक आकडा खोटा ठरला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. शिवाय आई कमावते म्हणून मुलीची पोटगी बुडत नाही, तिची वाटणी होते.

आता मुलीच्या खर्चाचा तक्ता. मी तो महिन्याचा केला. शाळेची फी वर्षाला ५४,०००, म्हणजे महिन्याला ४,५००. व्हॅन १,८००. दुपारच्या पाळणाघराचे ४,५००, कारण आईच्या गुडघ्यांमुळे ती रोज सांभाळू शकत नव्हती. जेवणखाण ५,०००. औषधं आणि डॉक्टर १,२००. कपडे-बूट १,०००. नाचाचा वर्ग १,०००. घरभाडं १२,०००, त्यातला तिचा तिसरा हिस्सा ४,०००. बेरीज २३,०००. भाड्यातला हिस्सा धरायचा असतो हे मला माहीत नव्हतं. ते वकील मॅडमनी घातलं. बहुतेक आया घरभाडं आणि वीज स्वतःच्या खर्चात लिहितात आणि मुलाचा आकडा फी आणि दुधापुरता उरतो.

९ एप्रिल २०२५ च्या आदेशात न्यायालयाने हा तक्ता ओळीओळीने पाहिला होता. नाचाच्या वर्गाची पावती नव्हती, तो गेला. जेवणखाणाचे ५,००० चे ४,००० केले. बाकी पावत्यांमुळे टिकलं. म्हणजे २१,००० मान्य झाले. दोघांच्या मिळकतीचं प्रमाण ८० हजारांना २० हजार, म्हणून वडिलांचा वाटा चार पंचमांश, १६,८००. शाळेची फी त्यांनी थेट शाळेत भरायची ठरलं, तिचे महिन्याचे ४,५०० वजा झाले आणि १२,३०० उरले. आदेश १२,००० चा झाला. माझ्यासाठी मी १२,००० मागितले होते, ६,००० मिळाले. हे प्रमाण म्हणजे सगळीकडे लागू होणारं सूत्र नाही. दुसऱ्या न्यायाधीशांनी वेगळ्या वाटेने वेगळा आकडा काढला असता. पगाराचा अमुक टक्का मिळतोच, असं जे ऐकू येतं त्यावर आपला हिशेब उभा करू नये.

अर्जाच्या तारखेपासून आदेशापर्यंत सात महिने. महिन्याला १८,००० प्रमाणे १,२६,००० झाले. मधल्या काळात त्यांनी चार वेळा १०,००० पाठवले होते ते वळते झाले, थकबाकी ८६,००० राहिली आणि ती चार हप्त्यांत, २१,५०० प्रमाणे द्यायची ठरली. हे चाळीस हजार बँकेतून आले होते म्हणून दोन्ही बाजूंना वाद घालावा लागला नाही. रोखीचा एकही व्यवहार करू नये, देणाऱ्यानेही आणि घेणारीनेही.

तिसरा हप्ता आला नाही. त्यासाठी दरखास्त, म्हणजे आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज, द्यावी लागली आणि नोटीस निघाल्यावर पैसे आले. कलम १४४ खालचा आदेश असेल तर एक गोष्ट विसरू नये. थकलेली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. ‘देतील हळूहळू’ म्हणत दोन वर्षं थांबलेल्या बायका मी त्या बाकावर पाहिल्या. त्यांचा आधीच्या महिन्यांचा वॉरंटचा मार्ग बंद झाला होता.

पैशाचं एवढं सांगितलं, पण सगळ्यात कठीण भाग भेटींचा होता.

जानेवारीपासून आम्हांला समुपदेशकांकडे पाठवलं. चार बैठका झाल्या. एक माझ्याबरोबर, एक त्यांच्याबरोबर, एक दोघांची आणि एक मुलीबरोबर, खेळणी असलेल्या खोलीत. तिथलं आपलं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरलं जात नाही. त्यामुळे तिथे वकिली भाषेत बोलण्याचा उपयोग नाही. न्यायालयाने सांगितलं तर समुपदेशक घरी येऊन मूल कुठे झोपतं, अभ्यास कुठे करतं, घरात आणखी कोण आहे हे पाहतात. आमच्याकडे त्या सकाळी साडेदहाला आल्या आणि चाळीस मिनिटं होत्या. मी घर आवरून ठेवलं होतं. त्यांनी फ्रीजवर लावलेलं औषधांचं वेळापत्रक पाहिलं आणि त्याचा फोटो मागितला.

फेब्रुवारीपासून अंतरिम भेटी सुरू झाल्या. महिन्याचा पहिला आणि तिसरा शनिवार, कोर्टाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत दोन तास. एप्रिलच्या आदेशाने त्या कोर्टाबाहेर आल्या, एक रविवार सोडून एक, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि दर बुधवारी संध्याकाळी सातला वीस मिनिटं व्हिडिओ कॉल. इथे मी एक चूक केली. मे महिन्यात थकबाकीचा हप्ता चुकला तेव्हा मी एक रविवार मुलीला पाठवलं नाही. पुढच्या तारखेला न्यायाधीश मॅडमनी दोनच वाक्यांत सांगितलं की पोटगी मिळणं हा मुलीचा हक्क आहे आणि वडील भेटणं हाही मुलीचाच हक्क आहे, एक थकला म्हणून दुसरा अडवता येत नाही. उलट बाजूनेही तेच. भेट मिळाली नाही म्हणून पैसे थांबवता येत नाहीत. पैसे थकले तर दरखास्त, भेट अडली तर त्यासाठी वेगळा अर्ज. माझ्या त्या एका रविवारचा उल्लेख रोजनाम्यात आला आणि पुढे त्यांच्या वकिलांनी तो दोनदा वापरला.

जुलैमध्ये त्यांनी रात्रीच्या मुक्कामाचा अर्ज केला. मी जोरदार विरोध केला. कारणं तीन दिली. तिला दमा आहे, ती माझ्याशिवाय झोपत नाही, आणि त्या घरात आजी-आजोबा माझ्याविरुद्ध बोलतात. त्यांनी उत्तरात फार आरोप केले नाहीत. पोहण्याच्या तलावाच्या दोन वर्षांच्या पावत्या लावल्या, कारण दर शनिवारी तिला तेच न्यायचे, आणि मुलीच्या डॉक्टरांकडे स्वतः जाऊन इनहेलर कसा द्यायचा हे शिकून आल्याचा कागद लावला. तो अर्ज आमच्या पहिल्या अर्जासारखाच होता, मुलीच्या दिवसातून लिहिलेला.

त्या महिन्यात न्यायाधीश लेकीशी चेंबरमध्ये बोलल्या. आम्ही दोघं बाहेर, वकीलही बाहेर. पंचवीस मिनिटं. ती काय म्हणाली ते आम्हांला सांगितलं गेलं नाही आणि मी विचारलं नाही. सात वर्षांच्या मुलीची इच्छा न्यायालय ऐकतं, पण तिच्यावर निर्णयाचं ओझं टाकत नाही. ती ‘मला आईकडेच राहायचंय’ म्हणाली तरी तेवढ्यावर निकाल होत नाही. पढवून आणलेलं मूल ओळखू येतं, असं समुपदेशक ताईंनी आधीच सांगितलं होतं. ते मोठ्यांचे शब्द वापरतं, विचारण्याआधी तक्रार सांगतं, आणि ‘मग तिथे काय खाल्लंस?’ असल्या साध्या प्रश्नाला अडखळतं. त्या दिवशी सकाळी मी तिला एवढंच सांगितलं की एक मॅडम शाळेबद्दल आणि घराबद्दल विचारतील, जे असेल ते सांग, आणि नंतर आपण इडली खायला जाऊ.

रात्रीच्या मुक्कामावर न्यायाधीशांनी मला विचारलं, ‘रात्री तिथे न राहिल्याने मुलीचं काय भलं होतं?’ माझ्या तीन कारणांपैकी दम्याचं कारण औषधाने सुटत होतं. माझ्याशिवाय न झोपणं हे सवयीचं होतं आणि हळूहळू सुटणारं. आजी-आजोबांचं बोलणं खरं होतं, पण ते दिवसाच्या भेटीतही होतंच, रात्र बंद करून थांबणार नव्हतं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि घरी येऊन विचार केल्यावरही सापडलं नाही. भीती माझी होती. ती खरी होती, पण तिची नव्हती.

आदेश टप्प्याटप्प्याचा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये महिन्यातून एक रात्र, शनिवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ. ते दोन महिने नीट गेले तर दोन रात्री. दिवाळीची आणि मेची सुट्टी अर्धी-अर्धी. दोन्ही घरांत इनहेलर आणि स्पेसर स्वतंत्र ठेवायचे, डॉक्टरांनी लिहिलेली एक पानाची सूचना दोन्हीकडे भिंतीवर. मुलीसमोर कोणीही दुसऱ्या पालकाबद्दल वाईट बोलायचं नाही, ही अट दोन्ही घरांतल्या माणसांना नावानिशी. आम्ही आणखी एक गोष्ट आपापसात ठरवली. एक साधी वही तिच्या बॅगेत ठेवायची, औषध कधी दिलं, जेवली का, गृहपाठ काय राहिला एवढंच त्यात लिहायचं. पहिल्या रात्री ती अकरापर्यंत जागी होती असं वहीत होतं. तिसऱ्या वेळी साडेनऊला झोपली होती.

ताबा माझ्याकडे राहिला. आदेशातलं कारण असं होतं की मुलीची शाळा, दुपारची सोय, डॉक्टर आणि मैत्रिणी या घराभोवती बसलेल्या आहेत आणि ती घडी मोडण्याने तिला काही मिळत नाही. वडिलांचा पगार चौपट आहे हा त्यांच्या बाजूचा मोठा मुद्दा होता. त्यावर न्यायालयाने लिहिलं की मिळकतीतला फरक पोटगीने भरून काढायचा असतो, ताबा बदलून नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या कागदांमधलं ते सर्वांत उपयोगाचं वाक्य. कमी कमावणाऱ्या आईला ‘तू मुलाला काय देणार?’ असं विचारलं जातं, तेव्हा पोटगीचा अर्ज आणि ताब्याचा अर्ज एकत्र वाचायचे असतात हे तिला माहीत असायला हवं. ताबा वडिलांकडे आणि जास्त कमाई आईची असेल, तर मुलाच्या खर्चाचा वाटा तिलाही उचलावा लागतो. नियम तोच.

हिवाळ्यात घटस्फोट परस्परसंमतीने करायचं ठरलं आणि सहमतीच्या अटी लिहिल्या गेल्या. पहिल्या मसुद्यात त्यांच्या बाजूने एक रकमी प्रस्ताव होता, मला एकदाच ठरावीक रक्कम आणि त्या बदल्यात मुलीच्या पोटगीचा हक्क मी सोडायचा. वकील मॅडमनी ते वाक्य खोडलं. आई स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलीची नाही, कारण ती तिची नाहीच. अशी अट लिहिली तरी मुलीच्या वतीने पुढे अर्ज करता येतो, आणि न्यायालय अशा अटीवर थांबून प्रश्न विचारतं. शेवटी मी माझे महिन्याचे ६,००० सोडले आणि एक रक्कम घेतली. मुलीचे १२,००० कायम राहिले, दर एप्रिलला पाच टक्के वाढ, म्हणजे पहिल्या वाढीनंतर १२,६००. फी थेट शाळेत. ५,००० वरच्या वैद्यकीय खर्चात दोघांचा अर्धा-अर्धा वाटा, बिल पाठवल्यापासून पंधरा दिवसांत. वाढीची अट लिहिली नसती तर दर दोन-तीन वर्षांनी ‘परिस्थितीत बदल’ दाखवून नवीन अर्ज करावा लागला असता.

आणखी एक वाक्य मी आग्रहाने घालून घेतलं, भेटीची जागा आणि वेळ बदलायची असेल तर चोवीस तास आधी मेसेज, आणि उत्तर आलं नाही तर आधीची वेळ कायम. अंतरिम काळातले आमचे निम्मे वाद ‘तू सांगितलं नाहीस’चे होते.

ताब्याचा आदेश कधीच पूर्णपणे अंतिम नसतो. मुलगी मोठी होईल, शाळा बदलेल, कोणाची बदली होईल, तेव्हा कोणीही पुन्हा न्यायालयाकडे जाऊ शकतं आणि तोच प्रश्न नव्याने विचारला जाईल. म्हणून शाळेचे दाखले, औषधांच्या चिठ्ठ्या आणि ती वही मी अजून सांभाळून ठेवते.

आदेश झाल्यावर नक्कल विभागात प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी करा आणि तीन प्रती मागा. आम्हांला नऊ दिवसांनी मिळाल्या. एक घरी, एक वडिलांकडे, आणि एकाची छायाप्रत शाळेच्या ऑफिसात, कारण शनिवारी मुलीला न्यायला कोण येऊ शकतं हे फाटकावरच्या मावशींनाही माहीत असावं लागतं. शाळेने त्यांच्या रजिस्टरमध्ये दोघांची नावं लिहून घेतली, दोघांचे फोटो लावले, आणि मुलीला काहीच विचारलं नाही.